रतिबाचं दूध: तापवणं, निववणं आणि फ्रीजमध्ये ठेवणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरची. गावच्या दूध संस्थेत सतरा वर्षं सॅम्पल घेण्याचं काम केलं. फॅट लावायचं, डिग्री बघायची, आंबट कॅन बाजूला काढायचा. आता शहरात राहते आणि माझ्याही दारात रोज गवळ्याची किटली वाजते. शेजारपाजारच्या बायका, भाडेकरू मुलं, नव्यानं संसार मांडलेल्या सुना मला दुधाबद्दल जे विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. सगळं सुट्या, निरशा दुधाबद्दल आहे. पिशवीच्या दुधाचा एकच प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

दूध घेतल्यावर किती वेळात तापवायला हवं?

घेतल्या घेतल्या. किटली ओट्यावर ठेवून आंघोळीला जाऊ नका, आधी गॅस पेटवा.

कारण दुधाचं घड्याळ तुमच्या दारात सुरू होत नाही, ते गोठ्यात धार काढली तेव्हाच सुरू झालेलं असतं. कासेतून दूध येतं ते जनावराच्या अंगाइतकं, म्हणजे 38 अंशांच्या आसपास गरम. जंतूंना वाढायला याहून चांगली ऊब नाही. संस्थेत दूध आलं की ते बल्क कूलरमध्ये ओतून 4 अंशांपर्यंत खाली आणतात, तिथं ही वाढ मंदावते. रतिबाचं दूध त्या वाटेनं जात नाही. ते कॅनमधून मोटरसायकलवर, दहा दारं फिरत तुमच्याकडं येतं.

हिशेब करून बघा. पाच वाजता धार काढली आणि साडेसातला दूध तुमच्या हातात आलं, म्हणजे अडीच तास गेले. अशा उबेत जंतू साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तर अडीच तासांत ते 32 पट झाले. तुम्ही अजून दीड तास तसंच ठेवलंत, तर 256 पट. गवळी चांगला आहे की वाईट, हा प्रश्न वेगळा. या दीड तासाचा मालक मात्र तुम्ही आहात.

अगदीच अडचण असेल, घरात कोणी नसेल, तर दूध निरसंच फ्रीजमध्ये ठेवा आणि परत आल्यावर तापवा. पण ही सवय करू नका. निरसं दूध फ्रीजमध्ये दिवसभर पडून राहिलं की थंडीतही वाढणारे काही जंतू त्यात वाढतात. ते जंतू उकळून मरतात, पण त्यांनी सोडलेले पाचक रस काही प्रमाणात टिकतात. मग तापवलेलं दूध नासत नाही, पण कडवट लागतं.

दूध वर आलं की गॅस बंद करते. तेवढं पुरतं का?

हा मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दूध वर येणं आणि दूध उकळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापायला लागलं की दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून वर पातळ पापुद्रा धरतो, तीच पुढं साय होते. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, ते वर येतात आणि या पापुद्र्याखाली अडकतात. बाहेर पडायला वाट नसल्यानं ते सगळं दूध उचलतात आणि पातेल्याबाहेर ढकलतात. त्या क्षणी तळ आणि कडा खूप तापलेल्या असतात, पण मधल्या दुधाला तेवढी धग लागलेली असेलच असं नाही. पातेलं मोठं असेल, आच जोराची असेल, दूध म्हशीचं आणि दाट असेल, तर हा फरक जास्त पडतो.

म्हणून असं करा. पातेलं आधी पाण्यानं विसळा आणि तळाला ओलावा असतानाच दूध ओता, म्हणजे ते तळाला लवकर लागत नाही. पातेलं दुधाच्या दीडपट तरी उंच हवं. आच मध्यम ठेवा आणि अधूनमधून पळीनं तळापासून ढवळा. दूध वर यायला लागलं की आच अगदी बारीक करा, पळीनं साय मोडा आणि त्यानंतर दोन ते तीन मिनिटं दूध ढवळत उकळू द्या. बुडबुडे फक्त कडेनं नाही, मधोमधही फुटताना दिसले पाहिजेत. तेव्हा ते दूध उकळलं.

दूध डेअरीत पाश्चरायझेशन करताना 72 अंशांवर 15 सेकंद किंवा 63 अंशांवर 30 मिनिटं तापवतात. तेवढ्यानं क्षयाचे, ब्रुसेलाचे, टायफॉइडचे आणि जुलाबाचे जंतू मरतात. घरचं नीट उकळलेलं दूध या दोन्हीपेक्षा जास्तच तापलेलं असतं. त्यामुळं पंधरा-वीस मिनिटं आटवत बसायची गरज नाही. त्यानं दूध जास्त सुरक्षित होत नाही, फक्त दाट होतं.

शिट्टीचा दूध कुकर चालतो का?

चालतो, आणि कामाच्या घाईत तो बराच बरा. त्याच्या दुहेरी भिंतीत पाणी असतं आणि त्या पाण्याच्या उष्णतेनं दूध तापतं, म्हणून ते उतू जात नाही आणि तळाला लागत नाही. शिट्टी वाजायला लागली की लगेच बंद करू नका. बारीक आचेवर पाचेक मिनिटं राहू द्या आणि मध्ये एकदा ढवळा. भिंतीतलं पाणी भरायला मात्र विसरू नका, नाहीतर कुकर जळतो.

मायक्रोवेव्हमध्ये निरसं दूध तापवू नका. त्यात एक भाग उकळतो आणि दुसरा कोमट राहतो.

नीट उकळलं, मग बाहेर ठेवलं तर काय बिघडतं?

उकळल्यानं रोगाचे जंतू मरतात, पण काही जंतूंचे बीजाणू शिल्लक राहतात. बीजाणू म्हणजे कडक कवचात झोपलेला जंतू. 100 अंशांनाही तो दाद देत नाही. उकळणं संपून दूध कोमट झालं की त्याला जाग येते आणि तो वाढायला लागतो. आता त्याच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जंतू मेलेले असतात, सगळं पातेलं त्याच्या एकट्याचं.

शिवाय झाकण उघडलं, चहाची पळी बुडवली, ओट्यावरची माशी बसली, की बाहेरून नवे जंतू येतातच.

म्हणून उकळलेलं दूध 60 अंशांच्या वर गरम असावं किंवा 5 अंशांच्या खाली थंड असावं. मधल्या पट्ट्यात ते जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत दूध फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये तर मी एक तासच धरते.

पण दोन लिटर दूध निवायलाच तीन तास लागतात. लवकर कसं निववायचं?

परातीत पाणी घालून. हवेत दूध फार सावकाश निवतं, पाण्यात भराभर. आईच्या वेळेपासून घराघरांत हेच करत आले आहेत. फक्त पाणी किती घ्यायचं आणि कधी बदलायचं, ते कळलं पाहिजे.

एक लिटर दूध घ्या. उकळून थोडं शमलं, म्हणजे 95 अंश धरा. पातेलं एका मोठ्या पातेल्यात ठेवलं आणि भोवती 25 अंशांचं चार लिटर पाणी ओतलं. दुधाची उष्णता पाण्यात जाते, पाणी तापत जातं आणि दोन्ही 39 अंशांच्या आसपास येऊन थांबतात. ते पाणी तासभर तसंच ठेवलंत तरी दूध फारसं खाली जात नाही. उलट, जंतूंना हवी तीच ऊब तुम्ही सांभाळून ठेवता. आता ते गरम पाणी ओतून टाका आणि पुन्हा चार लिटर ताजं पाणी घाला. या वेळी दूध 28 अंशांच्या जवळ येतं. म्हणजे पाणी एकदा बदलणं, हेच यातलं खरं काम. आधीचं गरम झालेलं पाणी बादलीत धरलंत तर भांडी घासायला, पोतेरं मारायला येतं, वाया जात नाही.

पाण्याची पातळी बाहेरून दुधाच्या पातळीएवढी हवी. पसरट परातीत दोन बोटं पाणी असेल तर फक्त तळ निवतो. मध्ये मध्ये स्वच्छ पळीनं दूध ढवळलंत तर वेळ बराच कमी लागतो, पण साय जाड धरत नाही. ज्यांना साय साठवून लोणी काढायचं असतं त्यांना हे आवडत नाही, मला ठाऊक आहे. त्यांनी ढवळू नये, त्याऐवजी पाणी दोनदा बदलावं. दूध दोन लिटर असेल तर ते दोन लहान पातेल्यांत वाटून निववा. एकाच खोल पातेल्यात मधलं दूध फार वेळ गरम राहतं.

पातेल्याला हात लावून बघा. हाताला ऊब लागत नाही इतकं निवलं की फ्रीजमध्ये ठेवा. थंडगार व्हायची वाट बघायची नाही, ते काम फ्रीजचं.

निवताना झाकण ठेवायचं की नाही?

जाळीचं झाकण ठेवा. घट्ट ताट झाकलं की वाफ आतच राहते, दूध सावकाश निवतं, आणि झाकणाला लागलेलं पाणी परत दुधात टपकतं. उघडं ठेवलं तर धूळ, चिलटं, पालीची भीती. जाळीचं झाकण नसेल तर धुतलेलं सुती फडकं बांधा. निवल्यावर मात्र फ्रीजमध्ये घट्ट झाकूनच ठेवायचं. दूध दुसऱ्याचा वास लगेच ओढून घेतं. चिरलेला कांदा शेजारी असेल तर सकाळच्या चहाला तो कळतो.

गरम दूध थेट फ्रीजमध्ये ठेवलं तर?

दूध खराब होत नाही, पण शेजारचं सगळं तापतं. कालचं दूध, भाजी, कणीक यांची थंडी उतरते आणि लहान फ्रीजला ती परत आणायला बराच वेळ लागतो. म्हणून आधी पाण्यात निववा. पण एखाद्या रात्री फार उशीर झाला आणि निवडायचंच असेल, तर कोमट दूध रात्रभर ओट्यावर ठेवण्यापेक्षा ते फ्रीजमध्ये ठेवणं केव्हाही बरं.

फ्रीजमध्ये कुठं ठेवायचं आणि किती दिवस?

मधल्या किंवा खालच्या फळीवर, मागच्या बाजूला. दारातल्या कप्प्यात नको. दार उघडलं की पहिली गरम हवा तिथंच लागते, आणि घरात लहान मुलं असतील तर दार दिवसातून चाळीसदा उघडतं. फ्रीज 4 अंशांवर असावा. बाजारात फ्रीजचा साधा थर्मामीटर मिळतो. पाण्याच्या पेल्यात तो रात्रभर ठेवून सकाळी बघा. फ्रीज भरगच्च असेल तर थंड हवा फिरत नाही, हेही बघा.

नीट उकळून, लवकर निववून ठेवलेलं दूध मी दुसऱ्या दिवशी संपवते. तिसऱ्या दिवसावर जाऊ देत नाही. उरलंच तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विरजण लावते.

हे सगळं करूनही आमचं दूध दिवसाआड नासतं. गवळी बदलू का?

बदलण्याआधी दोन दिवस वेळा लिहून काढा. आमच्या वाड्यातल्या एका घराचं उदाहरण सांगते, ते बऱ्याच घरांना लागू पडेल.

एप्रिल महिना होता. नवरा-बायको दोघं नोकरीला, घरी सासूबाई. रोज संध्याकाळी दोन लिटर म्हशीचं दूध घ्यायचे. आठवड्यातून तीन-चारदा सकाळचं दूध चहात फुटायचं. गवळी पाणी घालतो, पावडर घालतो, असं सगळं बोलून झालं होतं. त्याच गवळ्याचं दूध मी घेत होते आणि माझं टिकत होतं, म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

सात वीसला दूध आलं. सासूबाईंनी किटली ओट्यावर ठेवली, कारण दूध सून तापवते. सून पावणेनऊला आली. तिनं फ्रीजमधून सकाळचं पातेलं काढलं. त्यात पाव लिटर दूध उरलं होतं, त्यातच नवं दूध ओतलं आणि गॅसवर ठेवलं. दूध वर आलं, गॅस बंद झाला, वर ताट झाकलं. जेवणं झाली, मालिका झाली, साडेअकराला पातेलं फ्रीजमध्ये गेलं. मी हात लावून बघितलं, अजून चांगलं कोमट होतं. रात्रभर ते फ्रीजला तापवत बसणार होतं.

मग मी ते पातेलं सकाळी रिकामं झाल्यावर मागून घेतलं. आत लख्ख होतं. पण वरचा काठ बाहेर दुमडलेला होता, आणि त्या दुमडीत बोटाचं नख फिरवलं तर पिवळट, चिकट खळ निघाली. वास घेतला तर आंबलेल्या ताकाचा. रोज दूध उतू जायच्या बेतात यायचं, काठाला लागायचं, दुमडीत शिरायचं. तारेची घासणी तिथवर पोचत नव्हती. किटलीच्या झाकणाची रबरी रिंग काढली तर तिच्याखालीही तेच. म्हणजे रोज दोन लिटर दुधाला विरजण आपोआप लागत होतं.

आम्ही चारच गोष्टी बदलल्या. दूध सासूबाईंनी लगेच तापवायचं. जुनं दूध नव्यात मिसळायचं नाही, ते वेगळ्या भांड्यात काढायचं. पाण्यात निववून नऊपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचं. आणि दुमड नसलेलं, सरळ काठाचं स्टीलचं पातेलं घ्यायचं. गवळी तोच राहिला. मे महिन्यात एकदाच दूध नासलं, त्या दिवशी दुपारभर लाईट नव्हती.

दुधाची भांडी धुवायची योग्य पद्धत कोणती?

आधी थंड पाण्यानं विसळा. गरम पाणी आधी घातलं तर प्रथिनं भांड्याला चिकटून बसतात. मग साबण आणि मऊ घासणीनं घासा. काठ, कान आणि झाकणाची रिंग यांना जुना टूथब्रश वापरा. शेवटी उकळतं पाणी आत फिरवून ओता आणि भांडं पालथं घालून कोरडं होऊ द्या. फडक्यानं पुसू नका, ओटा पुसायचं फडकं तर मुळीच नको.

पातेल्याच्या तळाला पांढरट खरखरीत थर बसतो तो दुधातल्या कॅल्शियमचा. साबणानं तो निघत नाही. लिंबाचं किंवा व्हिनेगरचं पाणी घालून उकळा, सुटतो. पितळेची किंवा तांब्याची भांडी कल्हई नसेल तर दुधाला वापरू नका.

तापवतानाच दूध नासलं, तर चूक कुणाची?

दूध आंबट व्हायला लागलं की नुसतं जिभेला कळत नाही, पण उष्णतेला कळतं. थंड दूध घट्ट व्हायला बराच आंबटपणा लागतो, गरम दुधाला थोडासाही पुरतो. म्हणून घेताना छान दिसणारं दूध गॅसवर फुटतं. म्हणजे ते तुमच्याकडं येण्याआधी किंवा किटलीत पडून असताना आंबायला लागलं होतं.

संस्थेत यासाठी सीओबी, म्हणजे उकळल्यावर कणी धरते का ते बघायची चाचणी करतात: परीक्षानळीत 5 मिली दूध घेऊन पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरायचं आणि कणी दिसते का बघायचं. घरी स्टीलची पळी पुरते. शंका असेल तेव्हा पळीभर दूध आधी गॅसवर तापवा. कणी धरली तर बाकीचं दूध पातेल्यात ओतू नका, गवळी गल्लीत असेपर्यंत त्याला दाखवा. मग भांडण होत नाही, कारण पुरावा पळीत असतो.

आणखी एक कारण आहे, त्यात आंबटपणाचा संबंध नाही. म्हैस नुकतीच व्यालेली असेल आणि तिचं चिकाचं दूध रतिबात मिसळलं, तर ते तापवल्यावर घट्ट होतं. खरवस होतो तो याच गुणामुळं. असं दूध किंचित पिवळसर असतं आणि आंबट वास येत नाही.

नासू नये म्हणून चिमूटभर सोडा घातला तर?

नको. सोडा आंबटपणा झाकतो, जंतू तसेच राहतात. दूध खराब झाल्याची एकमेव खूण तुम्ही स्वतः पुसून टाकता. गवळ्यानं घातला तर ती भेसळ आहे, आणि घरात घातला तरी उपयोग शून्य.

नासलेल्या दुधाचं पनीर करावं का?

तापवताना नुकतंच फुटलं असेल, वास गोडसर ताजा असेल, तर साखर घालून आटवा किंवा पनीर करा आणि त्याच दिवशी संपवा. रात्रभर बाहेर राहून फुटलेलं, आंबूस-कुबट वासाचं, तार सुटणारं किंवा कडवट दूध मात्र टाकून द्या. जीव तुटतो, मलाही तुटतो, मी गोठ्यात वाढलेली आहे. पण काही जंतू दुधात विष सोडतात आणि ते विष उकळून जात नाही. जंतू मेला तरी ते राहतं. अशा दुधानं दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात.

कोल्हापुरात गंगावेशीत लोक धारोष्ण दूध पितात. मग उकळायचं कशाला?

गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेला फेसाळ पेला मीही लहानपणी वडिलांच्या हातून प्यायले आहे. त्याची चव उकळलेल्या दुधाला येत नाही, हे मान्य. तिथं दूध साठलेलं नसतं, त्यामुळं नासण्याचा प्रश्न येत नाही. पण जनावराच्याच अंगात रोग असेल तर ताज्या धारेतूनही तो येतो. ब्रुसेलोसिसमध्ये महिनोन् महिने चढउताराचा ताप आणि सांधेदुखी होते. गुरांचा क्षयही निरशा दुधातून माणसात येतो. जनावर वरून धडधाकट दिसतं, म्हणून बघून काही कळत नाही.

गरोदर बायकांनी, लहान मुलांनी, म्हाताऱ्यांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांनी निरसं दूध घेऊच नये. गरोदरपणात ब्रुसेलानं किंवा लिस्टेरियानं गर्भपात होऊ शकतो. बाकीच्यांनाही मी उकळूनच प्या म्हणेन.

आमच्याकडं फ्रीज नाही. काय करायचं?

मग दिवसाचं दूध एकदम घेऊ नका, सकाळ-संध्याकाळ लागेल तेवढंच घ्या. प्रत्येक वेळी नीट उकळा आणि पाण्यात निववा. पातेलं माठाच्या गार पाण्यात, हवेशीर खिडकीत ठेवा, वर ओलं सुती फडकं घाला आणि फडक्याची टोकं पाण्यात सोडा. फडक्यातलं पाणी उडतं तसं दूध गार राहतं. उन्हाळ्यात कोरड्या हवेत हे छान चालतं. पावसाळ्यात हवेतच ओल असते, पाणी उडत नाही, त्यामुळं फारसा उपयोग होत नाही.

चार तासांनी दूध पुन्हा उकळा, वापरायचं असो वा नसो. दर वेळी नीट, दोन मिनिटं उकळू द्या. आणि रात्रीसाठी ठेवू नका, उरलेल्याला विरजण लावा.

फ्रीज आहे पण लाईट गेली, तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ गेला तर दूध काढून वास घ्या आणि चांगलं असेल तर लगेच उकळून त्याच वेळी वापरा.

पुन्हा पुन्हा उकळलं तर सत्त्व जातं का?

थोडं जातं. ब गटातली काही जीवनसत्त्वं दर उकळीला कमी होतात. कॅल्शियम आणि प्रथिनं राहतात. म्हणून फ्रीज असेल तर सगळं पातेलं पुन्हा उकळू नका, लागेल तेवढंच दूध स्वच्छ पळीनं काढा आणि तेवढंच तापवा. एकदा बाहेर काढून तापवलेलं दूध परत मूळ पातेल्यात ओतू नका.

उकळल्यानं भेसळ निघून जाते का?

नाही. पाणी, युरिया, धुण्याची पावडर, जनावराला दिलेल्या औषधांचा अंश, यातलं काहीच उकळून जात नाही. एक खूण मात्र घरात दिसते: ताजं विरजण, ऊबही योग्य, तरी दही लागत नाही आणि असं दोन-तीनदा होतं. अशा वेळी दुधात अँटिबायोटिकचा अंश असू शकतो, कारण तो विरजणातल्या जंतूंना वाढू देत नाही. गवळ्याला सरळ विचारा, जनावर आजारी होतं का.

पिशवीचं दूधही असंच उकळायचं का?

ते पाश्चराइज्ड असतं. पिशवी सीलबंद आणि सतत थंड राहिली असेल तर तसंही चालतं. पण दुकानाबाहेर क्रेटमध्ये उन्हात पडलेली पिशवी असेल तर मी उकळते.

बाळाला रतिबाचं दूध कधीपासून द्यावं?

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. एक वर्षाच्या आत गायी-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून देऊ नये, आणि त्याबद्दल काहीही ठरवायचं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून.

गवळ्याला काय विचारावं?

धार किती वाजता काढता आणि आमचं घर कितवं, एवढं विचारा. शेवटचं घर असेल तर वाटेत दूध जास्त वेळ राहतं, त्याला सांगून आधीच्या फेरीत या. कॅन स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा आहे का बघा, प्लास्टिकच्या जुन्या ड्रमला चरे पडतात आणि त्यात दूध साठतं. माप दुधात बुडवून ठेवतो की दांड्यानं कॅनच्या काठाला अडकवतो, तेही बघा, कारण त्याचा हात गाडीच्या हँडलवरून थेट मापाला लागतो आणि बुडवून ठेवलेलं माप ती घाण दुधात नेतं. कॅनच्या तोंडात गवत किंवा गोणपाट कोंबलेलं असेल तर त्याला धुतलेलं सुती कापड द्या. मी आमच्या गवळ्याला जुन्या धोतराचे चार तुकडे शिवून दिले आहेत, आणि तो रोज एक धुऊन वापरतो.